‘वीजबिल शून्य’ न लिहिता रूफटॉप सोलरची कॅप्शन कशी लिहायची

छतावर सोलर बसवण्याचा धंदा सुरू केला तेव्हा मीही पहिल्या पोस्टवर तेच लिहिलं होतं: ‘आता वीजबिल शून्य!’ फोटोत निळे पॅनल, खाली तीन उद्गारचिन्हं. चार महिन्यांनी एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. प्लास्टिकच्या पिशवीतून बिल काढून टेबलावर पसरलं आणि ‘स्थिर आकार’ लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “यात शून्य कुठे आहे, तेवढं दाखवा.” प्लांट उत्तम चालला होता, बिल खरोखर खूप खाली आलं होतं. तरी त्यांच्या लेखी मी खोटा ठरलो, आणि चूक माझीच होती.

त्यानंतर कॅप्शन लिहायची माझी पद्धत उलटी झाली. आधी हिशेब, मग वाक्य. खाली एकाच घराचा हिशेब शेवटपर्यंत केला आहे आणि त्यातून एक पूर्ण कॅप्शन तयार केली आहे. घर असं: घरगुती जोडणी, स्वतःचं छत, वर्षाची सरासरी महिन्याला 300 युनिट. ग्राहकाने 3 किलोवॅटची चौकशी केली आहे, कारण सगळीकडे 3 किलोवॅटचीच जाहिरात दिसते.

पहिलं काम: एक वर्षाची बिलं

एका बिलावर हिशेब करू नका. मे महिन्याचं बिल हातात घेतलं तर बचत फुगते, जानेवारीचं घेतलं तर आक्रसते. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बारा महिन्यांचा घ्या आणि बेरीज करा. आपल्या घराची बेरीज 3,600 युनिट आली.

मग त्याच बिलावर दर बघा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क हे सगळं युनिटवर चढतं, म्हणून ते एकत्र करून प्रत्येक टप्प्याचा खरा दर काढायचा. स्थिर आकार बाजूला ठेवायचा, कारण सोलर बसवल्यावरही तो भरावाच लागतो. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात, म्हणून इथे हिशेब सोपा व्हावा यासाठी गोल आकडे धरतो: पहिल्या 100 युनिटला 7 रुपये, 101 ते 300 ला 13 रुपये, त्यापुढे 17 रुपये. तुम्ही मात्र ग्राहकाच्या ताज्या बिलावरचेच घ्या.

300 युनिटचे होतात 700 अधिक 2,600, म्हणजे 3,300 रुपये. स्थिर आकार वेगळा.

निर्मिती किती धरायची

इथे सर्वांत जास्त फसगत होते, आणि ती बरेचदा अजाणता होते. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये एप्रिलच्या एखाद्या स्वच्छ दिवशी 3 किलोवॅटच्या प्लांटने 14 युनिट दिलेले दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट पोस्टवर टाकला जातो आणि खाली कुणीतरी 14 गुणिले 365 करतो. उत्तर येतं 5,110 युनिट. त्याच प्लांटचं पूर्ण वर्षाचं वाचन बघितलं तर आपल्याकडे ते साधारण 3,900 च्या आसपास निघतं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती निम्म्यावर येऊ शकते, आणि काचेवर धूळ बसली की कोरड्या महिन्यांतही थोडी थोडी गळती होतच असते.

म्हणून मी एक किलोवॅटला वर्षाला 1,300 युनिट धरतो. पॅनल दक्षिणेकडे, कल योग्य आणि सावली नसेल तर हा आकडा मिळतो. शेजारची पाण्याची टाकी दुपारी तीननंतर पॅनलवर सावली टाकत असेल तर मिळत नाही. छतावर प्रत्यक्ष जाऊन सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला सावली कुठे पडते ते पाहिल्याशिवाय कोणत्याही ग्राहकाला निर्मितीचा आकडा देऊ नका. पाहणी डिसेंबर-जानेवारीत झाली तर अधिक चांगलं, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. कॅप्शनमध्ये तर ‘सावली नसलेल्या छतावर’ हे शब्द हवेतच.

2 की 3 किलोवॅट: खरी मेख इथे आहे

2 किलोवॅट बसवलं तर वर्षाला 2,600 युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी 217. ग्रिडमधून घ्यायचे उरले 83. हे 83 सर्वांत स्वस्त टप्प्यातले, 7 रुपयांचे. बिल 581 रुपये. वाचले 2,719 रुपये महिन्याला, वर्षाला 32,600 च्या जवळपास.

नीट पाहा, सोलर आधी महागडे युनिट खातं. 217 पैकी 200 युनिट 13 रुपयांचे होते. म्हणून ‘सरासरी 11 रुपये युनिट’ असा हिशेब करणारा इन्स्टॉलर इथे बचत कमी दाखवतो, आणि तोच दर तिसऱ्या किलोवॅटला लावून तिथे जास्त दाखवतो.

आता 3 किलोवॅट. वर्षाला 3,900 युनिट तयार होतील, वापर 3,600. बचत सगळ्या 3,300 रुपयांची, वर्षाला 39,600. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटने वाढवले फक्त 7,000 रुपये. ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा होतात, यालाच नेट मीटरिंग म्हणतात; त्यात वरचे 300 युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतात त्यांना घरगुती दराने पैसे मिळत नाहीत, त्याहून बऱ्याच कमी दराने हिशेब होतो. त्यांची किंमत बचतीत धरायची नाही.

ही तफावत ग्राहकाला सांगणारा इन्स्टॉलर मी क्वचित पाहिला आहे. सांगितलं तर धंदा छोटा होतो खरा. पण दोन वर्षांनी घरात एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तिसरा किलोवॅट योग्य, हेही त्याच दमात सांगता येतं आणि ग्राहक स्वतः ठरवतो.

अनुदान: किती, कुणाला, कधी

केंद्राची पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि ती 2026-27 पर्यंत आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्लांटला एकूण 78,000 रुपये, त्यापुढे वाढ नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी वेगळा दर आहे, किलोवॅटला 18,000. तो घरगुती ग्राहकाच्या कॅप्शनमध्ये मिसळू नका.

पात्रता लिहिताना चार गोष्टी पुरतात. अर्जदार भारतीय नागरिक, घर स्वतःचं आणि त्याला पॅनल बसतील असं छत, नावावर चालू घरगुती वीज जोडणी, आणि याआधी सोलर पॅनलसाठी दुसरं अनुदान घेतलेलं नाही. दुकानाची व्यावसायिक जोडणी यात बसत नाही. खालचा मजला दुकानाचा आणि वर घर असेल तर कोणत्या मीटरवर अर्ज करायचा, हे आधीच बघावं लागतं.

अर्ज अडकतात ते बहुधा नावावरून. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, बँक खातं नातवाचं. अशा घरी आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, मग अर्ज करा. कॅप्शनमध्ये एवढं एक वाक्य असलं तर पन्नास फोन वाचतात: ‘बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच असायला हवं.’

क्रमही महत्त्वाचा. आधी pmsuryaghar.gov.in वर नोंदणी आणि अर्ज, मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, मग बसवणी, नेट मीटर आणि वीज कंपनीची तपासणी. त्यानंतर चालू झाल्याचा अहवाल पोर्टलवर निघतो, ग्राहक बँक खात्याचा तपशील भरतो आणि पैसे थेट त्याच्याच खात्यात येतात. आधी पॅनल लावून नंतर अर्ज करू, असं कुणी सांगत असेल तर थांबवा. आणि पॅनल देशात बनलेल्या सेलचे, देशातच जोडलेले असावे लागतात. ‘मेड इन इंडिया’ असं नुसतं पाठीवर छापलेलं असणं पुरेसं नाही. स्वस्त कोटेशनमध्ये आयात सेलचे पॅनल निघाले की अनुदान गेलं.

यातून कॅप्शनसाठी एक नियम निघतो आणि तो मी कधीच मोडत नाही: किंमत लिहायची ती अनुदानाआधीची. ‘फक्त 85,000 मध्ये सोलर’ हे वाक्य वाचून माणूस 85,000 घेऊन येतो आणि त्याला 1,45,000 भरायला सांगितले की तो चिडतो. रास्तच आहे. ग्राहकाच्या खात्यात पैसे नंतर येतात, विक्रेत्याला ते कापून घेता येत नाहीत.

परतफेड: एकच भागाकार, पण बरोबर आकड्यांनी

परतफेडीचा काळ म्हणजे ग्राहकाच्या खिशातून गेलेली निव्वळ रक्कम भागिले वर्षाची बचत. गडबड भागाकारात नसते, वरच्या आकड्यात असते. स्टँड उंच करायचा खर्च, अर्थिंग, केबल, मीटरचं शुल्क हे सगळं कोटेशनमध्ये आहे का, ते बघा. आपल्या उदाहरणात सगळं धरून 2 किलोवॅट 1,45,000 रुपये समजू. अनुदान 60,000 वजा केलं की 85,000. वर्षाची बचत 32,600 धरली तर अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ येतो.

हा आकडा तसाच छापायचा नाही. निर्मिती 13-14 टक्के कमी आली तर काय होतं, तेही काढा. 2,600 च्या जागी 2,250 युनिट धरा: महिन्याला 187, ग्रिडमधून 113, बिल साधारण 870 रुपये, बचत वर्षाला 29,000 च्या आसपास. आता परतफेड तीन वर्षांच्या जवळ. म्हणून कॅप्शनमध्ये लिहायचं ‘साधारण तीन वर्षे’. कर्ज घेतलं तर व्याजाएवढा काळ वाढतो, तो वेगळा सांगायचा.

3 किलोवॅटसाठी सगळं मिळून 2,00,000 धरले तर अनुदानानंतर 1,22,000, आणि परतफेड तीन वर्षांहून थोडी जास्त. ऐकायला फारसा फरक नाही. पण तिसरा किलोवॅट वेगळा काढला तर त्याचे 37,000 रुपये वर्षाला 7,000 च्या हिशेबाने परत यायला पाच वर्षांहून जास्त लागतात.

आणि महिन्याला 120 युनिट वापरणारं घर? त्यांचं युनिटचं बिल 960 रुपये. 1 किलोवॅट महिन्याला सरासरी 108 युनिट देतो, बिल 84 वर येतं, वर्षाला 10,500 वाचतात. प्लांट 80,000 चा, अनुदान 30,000, खिशातून 50,000. परतफेड पावणेपाच वर्षं. तरीही वाईट नाही, पण ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ ही पाटी त्यांना लावता येत नाही. म्हणून कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत वापर लिहायचा. युनिट न सांगता दिलेली परतफेड ही कुणाचीच परतफेड नसते.

आता कॅप्शन

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांची मर्यादा आहे, पण पोस्टखाली आधी जेमतेम दोन ओळी दिसतात, बाकी ‘अधिक’ दाबल्यावर. म्हणून अट आणि फायदा दोन्ही पहिल्या दोन ओळींतच एकत्र हवेत. वर मोठा आकडा आणि तळाला बारीक अक्षरात ‘अटी लागू’, हा जुना डाव आता जाहिरात नियमांतही बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याने मुख्य दाव्याला छेद देता कामा नये. मराठीत दावा आणि इंग्रजीत अट, हे तर नकोच.

आमच्या पेजवर गेलेली कॅप्शन, आकडे या उदाहरणातले:

> महिन्याला सरासरी 300 युनिट वापर? सावली नसलेल्या छतावर 2 किलोवॅट सोलरने वर्षाला अंदाजे ₹29,000 ते ₹32,000 वाचू शकतात. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.
>
> खर्च: सगळं धरून ₹1,45,000. हे आधी तुम्हाला भरायचे आहेत.
> केंद्राचं अनुदान: पात्र ठरल्यास ₹60,000, प्लांट चालू झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात.
> परतफेड: साधारण 3 वर्षे. कर्ज घेतल्यास जास्त. तुमचा वापर 120 युनिटच्या आसपास असेल तर 1 किलोवॅटला 5 वर्षांच्या जवळपास.
>
> अनुदान कुणाला: स्वतःचं घर आणि छत, अर्जदाराच्या नावावर घरगुती जोडणी, आधी सोलर अनुदान घेतलेलं नाही. अर्ज बसवणीच्या आधी pmsuryaghar.gov.in वर.
>
> लाइट गेल्यावर हा प्लांट बंद राहतो, बॅटरी वेगळी लागते.
>
> तुमचं मागच्या 12 महिन्यांचं बिल पाठवा. तुमच्या घराला सोलर परवडत नसेल तर तेही सांगू.
>
> हिशेब या पोस्टच्या तारखेच्या दरांवर. वीजदर किंवा अनुदान बदलल्यास आकडे बदलतील.

लाइटची ओळ बघून कदाचित वाटेल की ही कशाला? पण ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरचा करंट बसेल. हे सांगितलं नाही तर पहिल्या पावसात फोन येतो: “सोलर आहे ना, मग अंधार का?” माझ्या अनुभवात बिलापेक्षा जास्त तक्रारी यावरून येतात.

दोन गोष्टी मी मुद्दाम घातल्या नाहीत. ‘25 वर्षे मोफत वीज’ नाही, कारण 25 वर्षांची असते ती पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी. पॅनल दरवर्षी थोडं कमी देत जातं, आणि इन्व्हर्टरची वॉरंटी बरेचदा 5 ते 10 वर्षांची असते, मध्ये एकदा तो बदलावा लागेल. आणि पंतप्रधानांचा फोटो किंवा सरकारी चिन्ह नाही. विक्रेता पोर्टलवर नोंदणीकृत असतो, सरकारचा एजंट नसतो. तसा भास निर्माण झाला की ग्राहक शंका विचारायचंच थांबवतो.

पोस्ट गेल्यानंतर

कॉमेंटमध्ये पहिला प्रश्न हमखास येतो: “आमचं बिल दोन हजार येतं, शून्य होईल का?” रुपयांवर उत्तर देऊ नका. “किती युनिट आणि कोणत्या महिन्याचं?” एवढंच विचारा. दोन हजार रुपये उन्हाळ्याच्या एका महिन्याचे असतील आणि थंडीत सातशे येत असतील, तर त्या घराला 2 किलोवॅट जास्त होतं.

दुसरं, इतर विक्रेत्याचं ‘दीड वर्षात वसूल’ दाखवून कुणी तुमच्याकडे उत्तर मागेल. त्याला खोटं म्हणू नका. त्याच्या कोटेशनवर तीन आकडे शोधायला सांगा: किलोवॅटला वर्षाचे किती युनिट धरले, युनिटला किती रुपये धरले, आणि किंमत अनुदानाआधीची की नंतरची. वर्षाला किलोवॅटमागे 1,700 युनिट आणि सगळ्या युनिटला 17 रुपये लिहिलेले दिसले की दीड वर्ष कुठून आलं ते त्याचं त्याला समजतं.

आणि जुनी पोस्ट. वीजदराचा नवा आदेश आला की मी सर्वांत आधी पिन केलेली कॅप्शन उघडतो आणि हिशेब पुन्हा करतो. मागच्या वेळी दर थोडे हलले तेव्हा बचतीचा खालचा आकडा दीड हजाराने उतरला. जुना स्क्रीनशॉट घेऊन एक बाई आल्या होत्या. त्यावर तारीख होती म्हणून बोलणं पाच मिनिटांत संपलं, आणि त्यांनी 2 किलोवॅटच घेतला.